शिष्यवृत्तीच्या वाटेवरील खोटा जकातनाका

दहावी-बारावीचे निकाल लागले की जूनपासून दिवाळीपर्यंतचा काळ विद्यार्थ्यांच्या घरी प्रवेश, वसतिगृह, पुस्तके आणि फी यांच्या हिशेबात जातो. याच काळात समाजाच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर दोन प्रकारचे संदेश फिरू लागतात. एकात अल्पसंख्याक समाजातील गुणवंत विद्यार्थ्यांना भरघोस शिष्यवृत्ती मिळणार असल्याचे सांगितलेले असते. दुसऱ्यात केंद्र सरकार सर्व विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देणार असल्याची आनंदवार्ता असते. खाली एक दुवा, अर्जाची अंतिम तारीख आणि ‘गरजू विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवा’ ही विनंती असते. ही विनंतीच संदेशाचे पाय होतात. कोणाचे तरी भले होईल या सद्भावनेने तो पुढे पाठविला जातो. पाठविणारा ओळखीचा असल्यामुळे, ज्याच्या हाती तो पडतो त्याला तो विश्वासार्ह वाटतो.

अशा संदेशांची शेवटची मागणी दोहोंपैकी एक असते. प्रक्रिया शुल्क म्हणून काही रक्कम, किंवा आधार, ओटीपी आणि पासवर्ड यांसारखा तपशील. या दोन्ही मागण्या खोट्या का असतात, हे समजण्यासाठी फसवणुकीच्या असंख्य तऱ्हा पाठ करण्याची गरज नाही. खरी शिष्यवृत्ती कोणत्या वाटेने घरापर्यंत येते एवढे एकदा नीट समजून घेतले, की त्या वाटेवर उभारलेला खोटा जकातनाका आपोआप दिसू लागतो.

खरी वाट कशी असते?

केंद्र सरकारच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे `scholarships.gov.in` या संकेतस्थळावर भरले जातात. विद्यार्थी प्रथम एकदाच नोंदणी करतो. त्या नोंदणीला एक क्रमांक मिळतो आणि पुढील शिक्षणात तोच क्रमांक वापरावयाचा असतो. त्यानंतर योजनेचा अर्ज भरला जातो. हा अर्ज प्रथम विद्यार्थ्याच्या शाळेकडे किंवा महाविद्यालयाकडे जातो. तेथील नेमलेला अधिकारी आपल्या लॉगिनमधून पाहतो, की हा विद्यार्थी खरोखर येथे शिकतो काय, त्याचे गुण आणि फी बरोबर आहेत काय. मग जिल्हा किंवा राज्य पातळीवर दुसरी पडताळणी होते. ती पूर्ण झाल्यावर रक्कम कोणाच्याही हाती न देता थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. महाराष्ट्र शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरील शिष्यवृत्तींची रचनाही साधारणपणे अशीच आहे. तेथेही अर्ज आधी महाविद्यालयाकडे आणि नंतर संबंधित विभागाकडे जातो.

या वाटेची तीन वैशिष्ट्ये ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. पहिले, ती संथ आहे. अर्ज आणि रक्कम यांच्यामध्ये काही महिने जातात, कारण दोन ठिकाणी माणसे कागद तपासतात. दुसरे, तिच्यात विद्यार्थ्याची शिक्षणसंस्था अनिवार्यपणे येते. संस्थेने दुजोरा दिल्याशिवाय अर्ज पुढे सरकतच नाही. तिसरे, पैसा एकाच दिशेने वाहतो, शासनाकडून विद्यार्थ्याकडे. या संपूर्ण वाटेवर विद्यार्थ्याने पैसे भरावेत असे एकही ठिकाण नाही आणि त्याचा पासवर्ड किंवा ओटीपी विचारण्याचे कोणाही अधिकाऱ्याला कारण नाही. महाविद्यालयालाही त्याचा अर्ज क्रमांक पुरेसा असतो.

लॅपटॉपच्या योजनाही याच कसोटीवर पाहाव्यात. अशा योजना देशात झालेल्याच नाहीत असे नाही. तामिळनाडू सरकारने २०११ पासून शासकीय आणि अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटले; ते शाळा-महाविद्यालयांतून दिले गेले. मध्य प्रदेशात बारावीत ठरावीक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांच्या खात्यात लॅपटॉपसाठी २५,००० रुपये जमा केले जातात. त्यांची निवड मंडळाच्या निकालावरून होते. दोन्हीकडे योजना एका राज्याची, पात्रता स्पष्ट आणि निवड शाळेच्या वा परीक्षा मंडळाच्या नोंदींवरून. याउलट ‘देशातील सर्व विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप’ अशा आशयाचे जे संदेश केंद्र सरकारच्या नावाने फिरतात, ते खोटे असल्याचे पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य-पडताळणी विभागाने गेल्या काही वर्षांत वारंवार जाहीर केले आहे. वर्ष बदलते, पंतप्रधानांचे छायाचित्र बदलते, लॅपटॉपची संख्या बदलते. दुवा मात्र माहिती गोळा करण्याच्याच ठिकाणी नेतो.

४९९ रुपयांचा प्रवास

आता ही फसवणूक पायरी-पायरीने कशी चढत जाते ते एका उदाहरणावरून पाहू. हे उदाहरण कोणा एका घरचे नाही. अशा प्रकरणांत जो क्रम आढळतो तो एका काल्पनिक विद्यार्थिनीच्या निमित्ताने मांडला आहे.

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणारी ही मुलगी बारावीला ८४ टक्के गुण मिळवून अभियांत्रिकीच्या प्रवेशाची वाट पाहत आहे. गटावर आलेला दुवा उघडून ती अर्ज भरते. अर्जात नाव, पत्ता, समाज, गुण, वडिलांचे उत्पन्न आणि मोबाइल क्रमांक विचारलेला आहे. दुसऱ्या दिवशी फोन येतो. बोलणारा शुद्ध आणि अदबीचे बोलतो. तो तिचे नाव, गाव, गुण सारे अचूक सांगतो आणि ५०,००० रुपयांची शिष्यवृत्ती व लॅपटॉप यांसाठी निवड झाल्याबद्दल अभिनंदन करतो. घरच्यांना वाटते, की ज्याला एवढे ठाऊक आहे तो कार्यालयातलाच असणार. ही सारी माहिती आदल्या दिवशी आपणच दिलेली आहे, हे आनंदाच्या भरात कोणाच्या ध्यानी येत नाही.

यानंतर प्रक्रिया शुल्क म्हणून ४९९ रुपये मागितले जातात. ही रक्कम विचारपूर्वक ठरविलेली असते. ५०,००० रुपयांपुढे ती किरकोळ वाटते, घरात कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही आणि ती बुडाली तरी पोलीस ठाण्याची पायरी कोणी चढत नाही. पैसे भरताच राजमुद्रेचे चित्र असलेली पावती मोबाइलवर येते.

दोन दिवसांनी दुसरा फोन. लॅपटॉप निघण्याच्या तयारीत आहे. परंतु तो विद्यार्थ्याने विकू नये म्हणून २,५०० रुपयांची सुरक्षा ठेव आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण २,९५० रुपये भरावयाचे आहेत. ठेव परत मिळणार आहे. कराचा हिशेब अचूक जुळतो आणि तो जुळतो म्हणूनच मागणी खरी भासते. वास्तविक परत करावयाच्या ठेवीवर असा कर लावणे हीच शंका घेण्याजोगी गोष्ट होती. पुढे वाहतुकीचा विमा येतो. ४,००० रुपये आणि त्यावरील कर धरून ४,७२० रुपये. या वेळी घरात चलबिचल होते. पण आता न भरल्यास आधीचे ३,४४९ रुपये वाया जाणार असतात. पहिली रक्कम आशेपोटी दिली गेली, नंतरच्या रकमा आधीचे पैसे वाचविण्यासाठी दिल्या जातात. या सापळ्याचे सारे बळ या एका गोष्टीत आहे.

आतापर्यंत ८,१६९ रुपये गेले. घरचे संतापून पैसे परत मागतात, तर तो तात्काळ तयार होतो. ‘परतावा मंजूर झाला आहे, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि रक्कम स्वीकारण्यासाठी पिन टाका,’ असे तो सांगतो. पिन टाकला जातो आणि खात्यातून आणखी ८,१६९ रुपये जातात. एकूण हानी १६,३३८ रुपये. यूपीआयमध्ये पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन हा केवळ आपल्या खात्यातून रक्कम देण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी असतो. हे एक वाक्य घरातील प्रत्येकाला ठाऊक असते, तर निदान अर्धी हानी टळली असती.

या प्रवासात थांबण्याच्या जागा होत्या, त्याही पाहू. पहिली जागा अर्ज भरल्याच्या दुसऱ्याच दिवशी आली. महाविद्यालय अजून ठरलेले नाही, एकही कागद कोणी तपासलेला नाही, तरी निवड झाली. खऱ्या वाटेचे संथपण येथे नव्हते. दुसरी जागा पैसे भरताना आली. यूपीआयने रक्कम पाठविण्यापूर्वी ती कोणाच्या खात्यात जाणार त्याचे नाव पडद्यावर दिसते. तेथे एखाद्या व्यक्तीचे वा किराणा दुकानाचे नाव दिसत असेल, तर ते शासनाचे खाते नव्हे. तिसरी जागा घरातच होती. ज्या महाविद्यालयाच्या नावाने प्रवेश घ्यावयाचा, तेथील शिष्यवृत्ती विभागात एक चौकशी केली असती तर उलगडा झाला असता.

शुल्क नेहमीच खोटे असते काय?

येथे एक सूक्ष्म भेद सांगणे आवश्यक आहे. ‘शुल्क मागितले की फसवणूक’ असा सरसकट नियम केला, तर तो व्यवहारात टिकणार नाही. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेत असलेल्या शालेय शिष्यवृत्ती परीक्षेला परीक्षा शुल्क असते आणि ते शाळेमार्फत भरले जाते. काही विश्वस्त संस्था अर्जासाठी माफक रक्कम घेतात. गावातील सेवा केंद्र किंवा सायबर कॅफे अर्ज भरून देण्याचे पैसे घेते. ती त्याच्या श्रमाची मजुरी असते, शिष्यवृत्तीचे शुल्क नव्हे.

या खऱ्या शुल्कांमध्ये आणि खोट्या मागणीमध्ये फरक वेळेचा आहे. परीक्षेचे शुल्क निकालापूर्वी, सर्व उमेदवारांकडून, आधी छापलेल्या माहितीपत्रकानुसार घेतले जाते आणि ते भरल्याने कोणतीही निवड पक्की होत नाही. खोटे शुल्क ‘तुमची निवड झाली आहे’ असे सांगितल्यानंतर येते. मंजूर झालेली रक्कम मिळविण्यासाठी विद्यार्थ्याने पैसे भरावेत, अशी व्यवस्था शासनात नाही. प्रतिष्ठित विश्वस्त संस्थांतही ती नसते. एखादा खर्च खरोखरच वजा करावयाचा असेल, तर देणारा तो देय रकमेतून वजा करू शकतो. म्हणून फोनवर असा प्रश्न विचारून पाहावा, ‘हे ४९९ रुपये माझ्या ५०,००० रुपयांतून कापून घ्या, चालेल ना?’ खोट्या नाक्यावरील माणसाकडे या प्रश्नाचे उत्तर नसते. कारण त्याच्याकडे ५०,००० रुपये नसतातच.

पासवर्ड दिल्याने काय जाते?

शुल्क दिल्याने पैसे जातात, ते निदान दिसतात. लॉगिनचा तपशील दिल्याने तत्काळ काहीच जात नाही आणि म्हणून ही दुसरी मागणी अधिक घातक आहे. फोन करणारा म्हणतो, ‘तुमच्या अर्जात त्रुटी निघाली आहे, नोंदणी क्रमांक आणि पासवर्ड सांगा, मी येथूनच दुरुस्त करतो.’ किंवा ‘आलेला ओटीपी वाचून दाखवा, पडताळणी करावयाची आहे.’ पैसे मागितले नाहीत म्हणून घरचे निश्चिंत असतात.

परंतु पोर्टलचे लॉगिन ज्याच्या हाती गेले, त्याला विद्यार्थ्याचा आधार, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका आणि बँक खात्याचा तपशील एकाच जागी मिळतो. अनेक विद्यार्थी पोर्टल, ईमेल आणि अन्य ठिकाणी एकच पासवर्ड वापरतात. तेव्हा एक किल्ली देताना सारे घर उघडे होते. आधारचा ओटीपी त्याहून मोठी गोष्ट आहे. त्या ओटीपीच्या आधारे काही बँकांत घरबसल्या नवे खाते उघडता येते. शासकीय योजनांची आधारमार्फत येणारी रक्कम, जे खाते आधारशी सर्वात अलीकडे जोडले गेले त्यात जाते. त्यामुळे आपल्या नकळत दुसरे खाते उघडून ते आधारशी जोडले गेले, तर पोर्टलवर शिष्यवृत्ती ‘जमा’ दिसते आणि आपल्या पासबुकात मात्र ती कधीच उतरत नाही. शिवाय त्या खात्यातून इतरांच्या फसवणुकीचा पैसा फिरविला गेला, तर चौकशीत नाव विद्यार्थ्याचे येते.

हा धोका कागदावरचा नाही, हे अल्पसंख्याक समाजासाठीच्या शिष्यवृत्तींनी दाखवून दिले आहे. जैन समाजाला केंद्र सरकारने जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले, तेव्हापासून या योजना आपल्या मुलांशीही निगडित आहेत. २०२० मध्ये झारखंडमधील एक प्रकरण वृत्तपत्रांतून उजेडात आले. शालेय विद्यार्थ्यांसाठीच्या या योजनेत वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना वर्षाला १०,७०० रुपयांपर्यंत रक्कम मिळत असे. दलालांनी गरीब कुटुंबांकडून शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणून आधार क्रमांक आणि बोटांचे ठसे घेतले. ज्या शाळांना वसतिगृहच नाही, तेथील मुले वसतिगृहात राहत असल्याचे दाखविले गेले. काही ठिकाणी प्रौढ माणसेही विद्यार्थी म्हणून नोंदविली गेली. रक्कम खात्यात आली आणि बोटाच्या ठशाने काढली गेली. कुटुंबांच्या हाती तिचा थोडासाच भाग पडला, काहींच्या हाती काहीच नाही. शाळेच्या लॉगिनचा वापरही या साखळीत झाला होता.

पुढे केंद्रीय अल्पसंख्याक कार्य मंत्रालयाने देशातील १,५७२ संस्थांची तपासणी करविली. तीत ८३० संस्था बनावट वा निष्क्रिय आढळल्या. २०१७-१८ ते २०२१-२२ या काळातील सुमारे १४४ कोटी रुपयांच्या हानीबाबत केंद्रीय अन्वेषण विभागाने ऑगस्ट २०२३ मध्ये गुन्हा नोंदविला. त्यानंतर पोर्टलवर संस्थांच्या प्रमुखांची आणि अधिकाऱ्यांची आधारद्वारे पडताळणी करण्यात आली आणि विद्यार्थ्यांच्या नोंदणीतही चेहऱ्याची ओळख आली. ही नवी कुलुपे उपयोगी आहेत. परंतु ती बाहेरून दार फोडणाऱ्यासाठी आहेत. घरातील माणसानेच किल्ली काढून दिली, तर कुलूप काय करणार?

याच काळात योजनांमध्ये बदलही झाले. २०२२ मध्ये पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची केंद्राची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती बंद करून ती नववी-दहावीपुरती ठेवण्यात आली. ज्या पालकांना हा बदल नीट कळला नाही, त्यांना ‘बंद पडलेली योजना पुन्हा सुरू झाली’ असा संदेश सहज पटतो. कोणती योजना चालू आहे आणि अर्जाची मुदत कोणती, हे पोर्टलच्या पहिल्या पानावर लिहिलेले असते. गटावरील संदेश वाचून तेथेच विश्वास ठेवण्याऐवजी ते पान उघडण्याची सवय लावली, तर अशा संदेशाचे आयुष्य फार राहत नाही.

लॉगिन आणखी एका मार्गाने हातचे जाते आणि त्यात कोणाचा वाईट हेतू असेलच असे नाही. सायबर कॅफेत अर्ज भरताना घाईत दुकानदार स्वतःचाच मोबाइल क्रमांक किंवा ईमेल टाकतो, पासवर्डही तोच ठरवितो आणि आपल्या वहीत लिहून ठेवतो. पुढील वर्षी नूतनीकरणाच्या वेळी ओटीपी त्याच्या फोनवर जातो. तोवर दुकान बंद झालेले असले किंवा क्रमांक बदललेला असला, तर विद्यार्थी स्वतःच्याच अर्जाबाहेर राहतो. म्हणून अर्ज कोणीही भरून देवो, मोबाइल क्रमांक घरातील असावा, पासवर्ड विद्यार्थ्याने स्वतः टंकित करावा आणि काम झाल्यावर तेथील संगणकावरून लॉगआउट करूनच उठावे.

पत्ता उजवीकडून वाचावा

खोट्या संकेतस्थळाचे रूप हुबेहूब असू शकते. अशोकस्तंभ, मंत्रालयाचे नाव, रंग सारे उतरविता येते. जे सहजासहजी उतरविता येत नाही ते म्हणजे पत्त्याचा शेवट. `gov.in` हा शेवट केवळ शासकीय संस्थांनाच मिळतो. पत्ता मात्र डावीकडून न वाचता पहिल्या तिरप्या रेघेपासून मागे, उजवीकडून डावीकडे वाचावा. हे दोन पत्ते पाहा:

```
scholarships.gov.in
scholarships.gov.in.example.com
```

पहिला `gov.in` वर संपतो, म्हणून तो शासनाचा. दुसऱ्यात तीच अक्षरे पुढे आली असली तरी तो `example.com` वर संपतो. म्हणजे ती जागा त्या नावाच्या मालकाची, शासनाची नव्हे. टिंबाच्या जागी लहान आडवी रेघ टाकूनही असाच भास निर्माण केला जातो. आणि जर संदेशात दुव्याऐवजी `.apk` या अक्षरांनी संपणारी फाइल असेल, तर ती उघडूच नये. असे बाहेरून आलेले ॲप फोनवर येणारे संदेश, त्यातील ओटीपींसह, परस्पर दुसरीकडे पाठवू शकते.

समाजातील विश्वस्त संस्थांच्या शिष्यवृत्तींची संकेतस्थळे शासकीय नसतात, तेव्हा तेथे ही कसोटी लागू पडत नाही. त्यांच्या बाबतीत जुनीच रीत बरी. संस्थेच्या छापील अहवालात किंवा पत्रिकेत असलेल्या दूरध्वनीवर स्वतः फोन करावा. संदेशात दिलेल्या क्रमांकावर नव्हे. संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनीही आपल्या जाहिरातीत दोन वाक्ये आवर्जून छापावीत, ‘या शिष्यवृत्तीसाठी निवडीनंतर कोणतेही शुल्क नाही’ आणि ‘आमचा प्रतिनिधी ओटीपी वा पासवर्ड विचारत नाही’. संस्थेच्या नावाचा गैरवापर झाला, तर पालकांच्या हाती ही दोन वाक्ये पुराव्यासारखी राहतील.

घडून गेले असेल तर

पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर फोन करावा. ही राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतवाहिनी आहे. येथे वेळेला अतिशय महत्त्व आहे. गेलेला पैसा प्रथम एका खात्यात, मग दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात जातो आणि शेवटी रोख काढला जातो. तो कोणत्या तरी खात्यात असेपर्यंतच गोठविता येतो. तक्रारीसाठी व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि यूपीआयचा १२ अंकी संदर्भ क्रमांक लागतो. तो ॲपमधील व्यवहाराच्या नोंदीत मिळतो. त्यानंतर `cybercrime.gov.in` वर लेखी तक्रार नोंदवावी आणि बँकेलाही त्याच दिवशी कळवावे. संतापाने संभाषण पुसून टाकू नये. तोच पुरावा असतो. रक्कम ४९९ रुपयेच असली तरी तक्रार करावी, कारण तेच खाते अनेक घरांतून पैसे गोळा करीत असते.

बँकेकडून भरपाई मिळेल काय, याविषयी वास्तव अपेक्षा ठेवणे बरे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार, ग्राहकाचा दोष नसताना तिसऱ्याच कोणामुळे झालेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळविला, तर ग्राहकावर भार पडत नाही. परंतु ग्राहकाने स्वतःच पिन वा ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळविण्यापर्यंतची हानी त्याचीच मानली जाते. कळविल्यानंतर होणारी हानी बँकेची. म्हणजे येथेही प्रत्येक तासाला मोल आहे.

पासवर्ड वा ओटीपी दिला गेला असेल, तर प्रथम ईमेलचा पासवर्ड बदलावा, कारण इतर सर्व पासवर्ड बदलण्याच्या सूचना तेथेच येतात. मग पोर्टलचा बदलावा. त्यानंतर `myaadhaar.uidai.gov.in` येथे जाऊन आपले आधार सध्या कोणत्या बँकेशी जोडलेले आहे ते पाहावे. तेथे अनोळखी बँकेचे नाव दिसले, तर आपल्या शाखेत जाऊन आधार पुन्हा आपल्या खात्याशी जोडण्याचा अर्ज द्यावा आणि त्या दुसऱ्या बँकेकडे लेखी तक्रार करावी. बोटांचे ठसे कुलूपबंद करण्याची सोयही त्याच ठिकाणी आहे. महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागालाही कळवावे, म्हणजे अर्जात परस्पर बदल झाला असल्यास पडताळणीच्या वेळी तो अडविता येईल.

आणि यानंतर काही आठवड्यांनी एखादा ‘वकील’ वा ‘सायबर अधिकारी’ फोन करून गेलेले पैसे मिळवून देण्याचे आश्वासन देईल आणि त्यासाठी थोडे प्रक्रिया शुल्क मागेल, तर तो तोच नाका समजावा. फक्त पाटी बदललेली असते. एकदा पैसे दिलेल्या माणसांचे क्रमांक अशा टोळ्यांत पुन्हा वापरले जातात.

मुलांच्या हातून असे घडते तेव्हा ती बहुधा घरच्यांचा भार हलका करण्यासाठी गेलेली असतात. बोलणी खावी लागतील या भीतीने ती दोन-तीन दिवस गप्प राहतात आणि नेमक्या त्याच दिवसांत पैसा हाताबाहेर जातो. म्हणून यंदाच्या प्रवेशाच्या धांदलीत फी आणि पुस्तकांचा हिशेब मांडताना पालकांनी मुलांना आणखी दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात. निवड झाल्यावर कोणी पैसे मागितले, तर आधी महाविद्यालयात विचारायचे. आणि काही चुकलेच, तर त्याच तासाला घरी सांगायचे.